आडवा वारा असताना विमानाचं नाक कुठे धरायचं: हेडिंग, ट्रॅक आणि ग्राउंड स्पीडचं गणित पायरी पायरीने

नकाशावर दोन ठिकाणं घेऊया, मधे सरळ रेघ मारली, रेघेची दिशा आली ०७० अंश आणि लांबी ८० नॉटिकल मैल. विमानाचा हवेतला वेग १०० नॉट आहे आणि वारा ११० अंशांकडून २५ नॉटने येतोय. आता कोणी कंपासवर ०७० धरून निघाला आणि शेवटपर्यंत तेच धरून राहिला तर काय होईल? तासाभराने तो मुक्कामाच्या बरोबरीला येईल खरा, पण मुक्काम त्याच्या उजव्या हाताला जवळपास १६ नॉटिकल मैल, म्हणजे २९-३० किलोमीटर लांब असेल, खिडकीतून दिसणारही नाही कदाचित. नाक पूर्ण वेळ ०७० कडेच होतं, कंपास चुकला नाही, फक्त ज्या हवेत विमान उडत होतं ती हवाच सगळा वेळ डावीकडे सरकत होती.

हाच प्रश्न आपण इथे शेवटपर्यंत सोडवणार आहोत, हेच आकडे घेऊन. नाक नेमकं कुठे धरायचं आणि मग जमिनीवरून वेग किती पडेल, एवढंच. आधी कागदावर चित्र काढून, मग कॅल्क्युलेटरवर, मग डोक्यातल्या डोक्यात, आणि शेवटी हवेत गेल्यावर वारा सांगितल्याप्रमाणे नसला तर काय करायचं ते.

चार शब्द आधी पक्के करा

कोर्स म्हणजे नकाशावरची रेघ, आपल्याला जिथून जायचंय तो रस्ता. ट्रॅक म्हणजे विमान जमिनीवरून खरोखर ज्या वाटेने गेलं ती वाट. हेडिंग म्हणजे नाक कुठे आहे ती दिशा. आणि ड्रिफ्ट म्हणजे हेडिंग आणि ट्रॅक यांच्यातला कोन, वाऱ्याने किती ढकललं ते. सगळी धडपड ट्रॅक कोर्सवर बसवायची असते, आणि आपल्या हातात मात्र फक्त हेडिंग असतं, म्हणून हे गणित.

वेगही दोन आहेत. ट्रू एअरस्पीड हा हवेच्या सापेक्ष, ग्राउंड स्पीड हा जमिनीच्या सापेक्ष. काट्यावर दिसतो तो या दोन्हीपैकी एकही नाही हे विसरू नका, तो इंडिकेटेड असतो, आणि वर जाल तशी हवा विरळ होते म्हणून ट्रू एअरस्पीड त्याच्यापेक्षा जास्त निघतो. ढोबळ हिशोब दर हजार फुटांना २ टक्के. काट्यावर ९० नॉट आणि उंची ५५०० फूट असेल तर ११ टक्के वाढवा, झाले १००. आपल्या उदाहरणातले १०० हे असे आलेले आहेत, आणि गणितात कायम हेच घालायचे, काट्यावरचे ९० नाहीत.

अजून एक गोष्ट जी नवीन माणसाला पटायला वेळ लागतो. वारा एकसारखा वाहत असेल तर विमानाला तो बाजूने लागत नाही. जमिनीवर उभं राहिलं की वारा अंगाला लागतो कारण आपण जमिनीला धरून असतो, विमान हवेतच आहे, हवा जाईल तिकडे तेही जातं, त्याच्या दृष्टीने समोरून १०० नॉटने हवा येतेय बस्स. म्हणून करेक्शन म्हणजे एकदा वळून नाक वाऱ्याकडे फिरवायचं, मग पंख सरळ, पाय सैल, आणि टर्न कोऑर्डिनेटर या उपकरणातला, विमान तिरकं घसरतंय का ते दाखवणारा बॉल मधोमध. काही जण रडर दाबून धरून वाऱ्याशी झगडत राहतात, त्याने विमान तिरकं घसटत जातं, वेग कमी होतो आणि ट्रॅकही नीट राहत नाही. बॉल एका बाजूला बसलेला दिसला तर समजा की चूक पायात आहे, वाऱ्यात नाही. (लँडिंगच्या शेवटच्या क्षणांचं तंत्र वेगळं असतं, तो विषय इथे नाही.)

त्रिकोणात नेमकं काय माहीत आहे

इथे थोडा वेळ घालवूया, कारण सूत्र पाठ करणारे बरेच जण इथेच अडखळतात.

तीन बाण आहेत. एक विमानाचा हवेतला बाण: दिशा हेडिंग, लांबी ट्रू एअरस्पीड. दुसरा वाऱ्याचा बाण: दिशा आणि लांबी दोन्ही त्याची स्वतःची. हे दोन एकापुढे एक जोडले की जो तिसरा बाण बनतो तो जमिनीवरचा: दिशा ट्रॅक, लांबी ग्राउंड स्पीड. प्रत्येक बाणाच्या दोन गोष्टी, म्हणजे एकूण सहा. त्यातल्या चार माहीत असल्या की उरलेल्या दोन निघतात.

आपल्याला वाऱ्याच्या दोन्ही माहीत आहेत. विमानाच्या बाणाची लांबी माहीत आहे (१००) पण दिशा नाही, तीच तर शोधायचीय. आणि जमिनीवरच्या बाणाची दिशा माहीत आहे (०७०, कारण तिकडेच जायचंय) पण लांबी नाही. म्हणजे दोन बाणांची अर्धी अर्धी माहिती आहे. म्हणून नुसती बेरीज वजाबाकी करून उत्तर येत नाही, आणि म्हणूनच "०७० कडे १०० चा बाण काढ, त्याला वारा जोड, जो कोन येईल तेवढं उलटं वळ" ही पद्धत चुकते. ती किती चुकते ते पुढे आकड्यात दाखवतो.

कागदावर

पट्टी, कोनमापक आणि कर्कटक घ्या. प्रमाण ठेवा १ मिलिमीटर म्हणजे १ नॉट. कागदावर उत्तर दिशा वर धरा आणि एक बिंदू अ काढा.

अ पासून ०७० च्या दिशेने लांब रेघ ओढा, लांबी मोजू नका, ती अजून माहीतच नाहीये. ही कोर्सची रेघ.

आता परत अ पासूनच वाऱ्याचा बाण काढायचा. वाऱ्याची दिशा कायम "कुठून येतो" अशी सांगतात, ११० म्हणजे ११० कडून येतोय, तर तो जातोय उलट्या बाजूला, २९० कडे. म्हणून अ पासून २९० च्या दिशेने २५ मिलिमीटर, तिथे बिंदू ब. (इथे ११० कडेच बाण काढला गेला तर पुढचं सगळं उत्तर आरशात बघितल्यासारखं उलटं येतं, आणि त्रास असा की चित्र दिसायला एकदम व्यवस्थित दिसतं. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं आणि वाऱ्याकडे वळायच्या ऐवजी वाऱ्यापासून लांब वळायचं हेडिंग काढून बसलो होतो.)

कर्कटकात १०० मिलिमीटर घ्या, टोक ब वर ठेवा आणि कोर्सची रेघ जिथे छेदली जाते तिथे खूण करा, तो बिंदू क. ब ते क रेघ जोडा. झालं. ब-क ची दिशा कोनमापकाने मोजा, तेच हेडिंग, साधारण ०७९ येईल. अ-क ची लांबी पट्टीने मोजा, तो ग्राउंड स्पीड, साधारण ७९ ते ८० मिलिमीटर.

कर्कटक का लागलं ते लक्षात आलं का? विमानाच्या बाणाची लांबी माहीत होती पण दिशा नाही, म्हणून तो फिरवत फिरवत कोर्सच्या रेघेला कुठे टेकतो ते बघितलं. गोल सरकपट्टीवाला फ्लाइट कॉम्प्युटर जो शिकताना सगळ्यांच्या हातात देतात, त्याची वाऱ्याची बाजू हेच चित्र काढते, फक्त कर्कटकाच्या जागी त्याच्यावर आधीच छापलेले कंस असतात. एकदा कागदावर काढून बघितलंत की ती चकती का फिरवतोय ते कळतं, नाहीतर लोक नुसत्या खुणा पाठ करतात आणि महिनाभराने विसरतात.

कॅल्क्युलेटरवर

आधी वाऱ्याचा कोन काढा, म्हणजे वाऱ्याची दिशा वजा कोर्स. ११० वजा ७० म्हणजे ४० अंश, फरक १८० च्या आत असताना अधिक आला म्हणजे वारा उजवीकडून. उणे आला तर डावीकडून. मोजायचा मात्र कोर्सपासून, हेडिंगपासून नाही, कारण हेडिंग अजून आपल्याकडे नाहीच.

मग वाऱ्याचे दोन भाग करा. कोर्सला आडवा भाग २५ गुणिले साइन ४०, म्हणजे १६.१ नॉट. कोर्सच्या रेघेवरचा भाग २५ गुणिले कोसाइन ४०, म्हणजे १९.२ नॉट, आणि तो समोरून.

आडव्या भागाला पुरून उरायचं असेल तर विमानाने स्वतःच्या १०० नॉटमधले १६.१ नॉट उजवीकडे खर्च करायला हवेत, तरच दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील आणि विमान रेघेवर राहील. १६.१ भागिले १०० म्हणजे ०.१६१, याचा उलटा साइन ९.२ अंश. हाच करेक्शन अँगल. वारा उजवीकडून आहे म्हणून उजवीकडे, हेडिंग ०७० अधिक ९, म्हणजे ०७९.

आता ग्राउंड स्पीड. नाक रेघेपासून ९ अंश तिरकं असल्यामुळे १०० मधले सगळे रेघेच्या दिशेने लागत नाहीत, १०० गुणिले कोसाइन ९.२ म्हणजे ९८.७ लागतात. त्यातून समोरचे १९.२ गेले, राहिले ७९.५ नॉट. ८० नॉटिकल मैलांना तासापेक्षा थोडं जास्त.

सूत्रात लिहायचं तर एवढंच:

```
sin(WCA) = W * sin(WD - C) / TAS
HDG = C + WCA
GS  = TAS * cos(WCA) - W * cos(WD - C)
```

W वाऱ्याचा वेग, WD वारा कुठून येतो ती दिशा, C कोर्स, WCA करेक्शन अँगल. चिन्हं आपोआप सांभाळली जातात, WCA उणे आला म्हणजे डावीकडे वळायचं. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना ते बघा, रेडियनवर असेल तर काहीतरी भलतंच येईल. पायथॉनमध्ये करायचं असेल तर:

```python
from math import sin, cos, asin, radians, degrees

course, tas = 70, 100
wdir, wspd = 110, 25

a = radians(wdir - course)
wca = asin(wspd * sin(a) / tas)
heading = (course + degrees(wca)) % 360
gs = tas * cos(wca) - wspd * cos(a)
print(round(heading, 1), round(gs, 1))
```

हे `79.2 79.5` छापतं. आडवा वारा विमानाच्या वेगापेक्षाच जास्त घातलात तर `asin` ला एकच्या वरचा आकडा मिळतो आणि प्रोग्रॅम `ValueError` देऊन थांबतो, आणि ते बरोबरच आहे, त्या परिस्थितीत त्या रेघेवर राहता येईल असं कुठलंही हेडिंग नसतं. कागदावर हेच असं दिसतं की कर्कटकाचा कंस कोर्सच्या रेघेपर्यंत पोचतच नाही.

आता वर बाकी ठेवलेली, त्या चुकीच्या पद्धतीची गोष्ट. ०७० धरून उडलं तर ड्रिफ्ट किती होईल? रेघेवर १०० वजा १९.२ म्हणजे ८०.८, आडवे १६.१, भागाकार ०.१९९, कोन ११.२ अंश. करेक्शन हवं होतं ९.२ आणि ड्रिफ्ट होतो ११.२. दोन अंशांचा हा फरक का? कारण नाक वाऱ्याकडे वळवलं की वारा नाकाला आधीइतका आडवा राहत नाही, जास्त समोरून येऊ लागतो. म्हणून जो कोणी ११ अंश वळेल त्याचा ट्रॅक रेघेच्या उजवीकडे अडीचेक अंश जाईल आणि ८० मैलांवर तो तीन-साडेतीन मैल उजवीकडे निघेल. वारा मागून तिरका असेल तर हीच चूक उलट्या बाजूने होते.

परतीचा प्रवास करून बघा, चिन्हं तिथे कळतात

परतीचा कोर्स २५०, वारा तोच ११० कडून. ११० वजा २५० म्हणजे उणे १४०, वारा डावीकडून आणि मागून. साइन १४० आणि साइन ४० सारखेच, म्हणून करेक्शन पुन्हा ९.२ पण आता डावीकडे, हेडिंग २४१. कोसाइन १४० उणे आहे, उणे वजा केलं की अधिक होतं, ग्राउंड स्पीड ९८.७ अधिक १९.२ म्हणजे ११७.९ नॉट.

जाताना ६० मिनिटं, येताना ४१, मिळून १०१. वारा नसता तर १०० नॉटने १६० मैलांना ९६ मिनिटं लागली असती. जाताना गमावलेलं येताना परत मिळतं असं सगळ्यांना वाटतं पण मिळत नाही, कारण कमी वेगाने आपण जास्त वेळ उडतो आणि जास्त वेगाने कमी वेळ. त्यात नाक तिरकं ठेवण्याचा तोटा दोन्ही वेळा होतो. अगदी ९० अंशातून, पूर्ण आडवा २५ नॉट वारा असला तरी जाता येता दोन्हीकडे ग्राउंड स्पीड ९६.८ च पडतो, १०० कधीच नाही. "वारा बाजूचा आहे, वेगावर काही परिणाम नाही" हे वाक्य म्हणून चुकीचं आहे. छोट्या करेक्शनला तोटा किरकोळ असतो, १० अंशाला दीड टक्का, पण २० ला ६ टक्के आणि ३० ला १३ टक्के, म्हणजे हळू उडणाऱ्या विमानाला जोराचा आडवा वारा असेल तर चांगलाच जाणवतो.

डोक्यातल्या डोक्यात

कॉकपिटमध्ये साइन टेबल कोणी उघडत नाही, आणि गरजही नाही. आधी जास्तीत जास्त ड्रिफ्ट काढा: वाऱ्याचा वेग गुणिले ६० भागिले ट्रू एअरस्पीड. २५ गुणिले ६० भागिले १००, म्हणजे १५ अंश. ६० यासाठी की एका रेडियनमध्ये साधारण ५७ अंश असतात आणि ६० ने हिशोब सोपा जातो.

हे १५ अंश वारा पूर्ण आडवा असेल तेव्हाचे. आता वाऱ्याचा कोन घड्याळातल्या मिनिटांसारखा वाचा. १५ अंश म्हणजे पाव तास, तर १५ चा पाव. ३० म्हणजे अर्धा. ४५ म्हणजे पाऊण. ६० आणि पुढे सगळा. आपला कोन ४०, म्हणजे तासाचा दोन तृतीयांश, १५ चा दोन तृतीयांश १०. खरं उत्तर ९.२ होतं. एका अंशापेक्षा कमी फरक, आणि हाताने उडवताना एवढं अचूक हेडिंग धरणं तसंही कठीण असतं.

समोरच्या वाऱ्यासाठी तोच खेळ, फक्त कोन ९० मधून वजा करून. ९० वजा ४० म्हणजे ५० मिनिटं, पाच षष्ठांश, २५ चे साधारण २१. १०० वजा २१, ग्राउंड स्पीड ७९. खरं ७९.५. इथे थोडी नशिबाची साथ आहे, समोरचा वारा आपण जवळपास दोनने जास्त धरला आणि नाक तिरकं असल्याचा सव्वा नॉटचा तोटा धरलाच नाही, दोन्ही एकमेकांत गेले. मागून वारा असताना ते असे जात नाहीत, तिथे ही रीत १२१ सांगते आणि खरं ११८ असतं. म्हणून इंधनाचा हिशोब घड्याळाच्या रीतीवर करू नका, ती हेडिंग पटकन काढायला आणि कॅल्क्युलेटरचं उत्तर वेड्यासारखं आलंय का ते ओळखायला वापरा.

खरी उत्तर की चुंबकीय

इथे थोडक्यात सांगतो पण चुका खूप होतात. नकाशावर रेखावृत्ताला कोनमापक लावून मोजलेला कोर्स खऱ्या उत्तरेपासूनचा असतो. उंचीवरच्या वाऱ्याचा अंदाज आणि मेटार या विमानतळाच्या हवामान अहवालातला वाराही खऱ्या उत्तरेपासूनचा. म्हणून त्रिकोण पूर्ण खऱ्या उत्तरेत सोडवा आणि चुंबकीयमध्ये बदल अगदी शेवटी, हेडिंग निघाल्यावर करा. खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला फरक म्हणजे व्हेरिएशन, ते पश्चिम असेल तर मिळवायचं, पूर्व असेल तर वजा. आपल्या उदाहरणात ४ अंश पश्चिम धरलं तर ०७९ चे ०८३ होतील, मग कंपासशेजारच्या कार्डावर त्या दिशेला जे डेव्हिएशन, म्हणजे कंपासची स्वतःची चूक, लिहिलंय ते लावा. टॉवर रेडिओवर जो वारा सांगतो तो मात्र चुंबकीय असतो कारण तो रनवेशी ताडून बघायचा असतो, तो आकडा उचलून या त्रिकोणात टाकू नका. तसंही तो जमिनीलगतचा वारा आहे, ५५०० फुटांवर दिशा आणि जोर दोन्ही वेगळे असणार.

हवेत गेल्यावर

अंदाजातला वारा आणि खरा वारा तंतोतंत जुळणं दुर्मिळच, त्यामुळे काढलेलं हेडिंग ही सुरुवात समजायची. निघायच्या आधीच रेघेवर साधारण १५-२० मैलांवर एक ठळक खूण निवडून ठेवा, पूल, रेल्वेचा फाटा, तलावाचं टोक, जे दुसऱ्या कशासारखं दिसणार नाही असं. आणि तिथपर्यंत हेडिंग काटेकोर धरा. मधेच पाच अंश इकडे तिकडे करत गेलात तर खुणेपाशी जी चूक दिसेल ती वाऱ्याची की तुमच्या हाताची ते कळणारच नाही.

समजा ०७९ धरून निघालो, २० मैलांवरच्या खुणेपाशी घड्याळ बघितलं, १६ मिनिटं झाली, आणि खूण उजवीकडे २ मैलांवर दिसतेय. म्हणजे आपण रेघेच्या डावीकडे २ मैल आहोत. दोन गोष्टी लगेच निघतात. २० मैल १६ मिनिटांत म्हणजे ग्राउंड स्पीड ७५, ठरवलेल्या साडेएकोणऐंशीपेक्षा कमी. आणि ६० ला १ या नियमाने, ६० मैलांवर १ मैल चुकलं तर कोन १ अंश, तर २० मैलांवर २ मैल म्हणजे ६ अंश. ट्रॅक ०७० नाही, ०६४ पडलाय.

आता ६ अंश उजवीकडे वळलो तर फक्त रेघेला समांतर जाऊ, २ मैल डावीकडेच राहून. मुक्काम गाठायचा तर उरलेल्या ६० मैलांत ते २ मैलही भरून काढायचे, म्हणजे अजून २ अंश. एकूण ८ अंश उजवीकडे, हेडिंग ०८७.

हे झालं तातडीचं. पण वेळ मिळाला की वारा खरंच किती आहे तेही काढा, कारण पुढची वेळ आणि इंधन त्याच्यावर ठरतं. हेडिंगचा बाण माहीत आहे (०७९, १०० नॉट) आणि जमिनीवरचाही (०६४, ७५ नॉट). एकाच बिंदूपासून दोन्ही काढा आणि हेडिंगच्या बाणाच्या टोकापासून ट्रॅकच्या बाणाच्या टोकापर्यंत रेघ जोडा, तो वारा. मोजला की साधारण ३४ मिलिमीटर आणि तो जातोय २९५ कडे, म्हणजे येतोय ११५ कडून. अंदाज दिशेने बरोबर होता, जोर ९ नॉटने कमी सांगितला होता.

या नव्या वाऱ्याने परत सोडवूया. खुणेजवळून मुक्कामाची दिशा आता ०७२. वाऱ्याचा कोन ४३, आडवा भाग २३.२ नॉट, करेक्शन १३.४, हेडिंग ०८५. आपण नियमाने ०८७ काढलं होतं. दोन अंश जास्त का आले? कारण तेच, जास्त वाऱ्याकडे वळलं की ड्रिफ्ट कमी होतो, आणि ६० चा नियम ड्रिफ्ट तेवढाच राहील असं धरून चालतो. ०८७ वर राहिलो असतो तर मुक्कामाजवळ दोनेक मैल उजवीकडे निघालो असतो, दिसण्याइतकं जवळ, पण स्वच्छ हवा असेल तरच. धुरकट असेल तर ०८५ वर या.

ग्राउंड स्पीड आता १०० गुणिले कोसाइन १३.४, म्हणजे ९७.३, वजा समोरचे २४.९, म्हणजे ७२.४ नॉट. उरलेल्या ६० मैलांना ५० मिनिटं. जुन्या वाऱ्याने ४५ लागणार होती. निघताना ६० मिनिटं धरली होती ती १६ अधिक ५० म्हणजे ६६ झाली, हा आकडा लगेच कागदावर लिहा, इंधन त्यावरून परत मोजा आणि ज्यांना येण्याची वेळ कळवली होती त्यांना नवीन वेळ कळवा.

जीपीएस असेल तर ट्रॅक आणि ग्राउंड स्पीड स्क्रीनवर सरळ दिसतात, ट्रॅक कोर्सशी जुळेपर्यंत हेडिंग बदलत गेलं की काम होतं. तरी स्क्रीनवरचा ट्रॅक आणि जायरोवर चालणाऱ्या हेडिंग इंडिकेटरवरचं हेडिंग यांतला फरक काढलेल्या करेक्शनशी ताडून बघत जा, दोन्ही चुंबकीयमध्ये आहेत याची खात्री करून. ९ अपेक्षित असताना १५ दिसले तर वारा बदलला असेल, किंवा तो इंडिकेटर सरकला असेल. ते वेगळं ओळखायचं तर पंख सरळ आणि वेग स्थिर ठेवून तो कंपासशी जुळवून बघा: जुळला नाही तर चूक इंडिकेटरची, जुळला तर वाऱ्याची, आणि मग वरचा त्रिकोण परत काढायला घ्या.